दूध रतीबाच्या अ‍ॅपसाठी पहिल्या आठवड्याचे मेसेज: किती, कधी आणि थांबायचं कुठं?

पंचगंगाकाठ
मंडळी, जरा डोकं लावा. मी आणि एक मित्र मिळून घरोघरी दूध घालणाऱ्यांसाठी अ‍ॅप बनवलंय. गिऱ्हाईकाचं नाव, रोजचं किती, म्हशीचं की गाईचं, दर काय, एवढं एकदा टाकलं की अ‍ॅप रोज आपोआप दूध धरत जातं, फक्त खाडा असेल किंवा जास्तीचं दिलं असेल तर तेवढं टाकायचं आणि महिनाअखेर बिल तयार. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात लोक घेतायत, पण बरेच जण अ‍ॅप टाकतात, दोन-तीन गिऱ्हाईकं भरतात आणि परत भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारायला लागतात.

म्हणून पहिल्या आठवड्यात नोटिफिकेशन पाठवायचं ठरवलंय. कच्चा आराखडा असा: टाकल्या टाकल्या स्वागत, पहिल्या दिवशी गिऱ्हाईक कसं भरायचं, दुसऱ्या दिवशी खाडा, तिसऱ्या दिवशी बिल, चौथ्या दिवशी यूपीआयचा क्यूआर कसा लावायचा, पाचव्या दिवशी रेटिंग द्या, सातव्या दिवशी मित्राला सांगा. सगळे सकाळी नऊला. हे जास्त होतंय का, आणि थांबायचं कधी हे कसं ठरवायचं? ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी सांगा प्लीज.

हिंजवडीकर
मी ग्रोथमध्येच आहे म्हणून सांगतो, पुश नोटिफिकेशन विसरा, कोण बघतंय. वॉट्सअ‍ॅपवर टाका, गवळी काय आणि सीईओ काय, वॉट्सअ‍ॅप सगळेच उघडतात. रोज एक, सात दिवस सात. पहिल्या आठवड्यात सवय लागली तर लागली, नाहीतर गेला. आणि टेम्प्लेट युटिलिटी कॅटेगरीत टाका म्हंजे स्वस्त पडतं.

खटपट्या
पंचगंगाकाठ, तुमचा आराखडा दिवसांवर बांधलाय, तो माणूस कुठवर आलाय यावर बांधायला पाहिजे. एकाने पहिल्या रात्रीच चाळीस गिऱ्हाईकं भरली, त्याला सकाळी "गिऱ्हाईक कसं भरायचं" म्हणून मेसेज गेला तर तो म्हणणार ह्यांना माझं काही माहीतच नाही. आणि ज्याने एकही भरलं नाही त्याला तिसऱ्या दिवशी बिल शिकवून काय उपयोग, कुणाचं बिल काढणार तो? रेटिंग आणि मित्राला सांगा हे तर पहिल्या आठवड्यातून काढूनच टाका, ते तुमचं काम आहे, त्याचं नाही.

आधी एक सांगा, हा माणूस लागला मार्गी असं तुम्ही कधी म्हणाल? ते ठरल्याशिवाय थांबायचं कधी हे ठरत नाही. थांबायचं पहिलं कारण तेच, मार्गी लागला की मेसेज बंद, रांगेत पुढचे चार पडलेले असले तरी.

आणि नोटिफिकेशनची परवानगी कधी मागताय? अँड्रॉइड 13 पासून ती मागावी लागते आणि त्याने दोनदा नको म्हटलं की सिस्टीम तो डबा परत दाखवतच नाही, मग त्याला सेटिंगमध्ये जाऊन चालू करायला सांगायचं, जे कोणी करत नाही. उघडल्या उघडल्या मागू नका, दोन-तीन गिऱ्हाईकं भरून झाली की मागा, तेव्हा कशाला मागतोय हे त्याला कळतं. ज्याने नाहीच दिली त्याच्यासाठी अ‍ॅप उघडल्यावर वरच्या बाजूला एक पट्टी दाखवायची, बास.

पंचगंगाकाठ
परवानगी सध्या पहिल्याच स्क्रीनला मागतोय, बदलतो ते.

मार्गी लागला म्हणजे... मला वाटतं पाचेक गिऱ्हाईकं भरली आणि दोन सकाळी "फेरी झाली" बटण दाबलं की. ते बटण आहे, पण दाबलं नाही तरी दूध धरलं जातंच, त्यामुळे ते सक्तीचं नाहीये.

गोठ्यातली_पोर
सकाळी नऊला??? आमच्याकडे तीस वर्षं म्हशी आहेत, तुम्हाला वेळ सांगते. पहाटे चारला धारा, सहाला बाबा गाडीवर किटल्या अडकवून बाहेर, साडेआठ-नऊपर्यंत फेरी. नऊला ते कुणाच्या तरी दारात माप ओतत असतात, फोन खिशात, हात ओले. घरी येऊन जेवण, मग पेंड नाहीतर वैरण आणायला. दुपारी एक ते चार झोप, तेव्हा फोन वाजला तर पहिल्यांदा शिव्या आणि मग अ‍ॅप डिलीट. चारला परत धारा, परत फेरी. म्हंजे मोकळी वेळ दोनच, दहा ते बारा आणि रात्री आठनंतर.

आणि दुसरं असं की नंबर बाबांचा असला तरी नोंदी मी करते! बाबा रात्री जेवताना सांगतात, देशपांडे बाईंचा खाडा, कुलकर्ण्यांकडे पाहुणे होते तर अर्धा लिटर जास्त, आणि मी टाकते. बऱ्याच घरात असंच, पोरगा नाहीतर पोरगी टाकते. त्यामुळे सकाळचा मेसेज बाबा बघणार, त्यांना काही कळणार नाही, ते बोटाने सरकवून टाकणार आणि मला पत्ताच नाही.

खटपट्या
गोठ्यातली_पोर, हे आमच्यासारख्यांना ऑफिसात बसून कधी कळलं नसतं. पंचगंगाकाठ, याचा सरळ उपयोग करा. पहिल्या दिवशी त्याने गिऱ्हाईकं किती वाजता भरली ते तुमच्याकडे आहेच. रात्री साडेआठला भरली असतील तर त्याचा सगळा आठवडा साडेआठचा, सकाळी अकराला भरली असतील तर अकराचा. आणि त्याने दुपारी तीनला भरली असली तरी मेसेज दोन मोकळ्या वेळांपैकी जवळच्या वेळेलाच जाऊ दे.

आबा_सातारकर
चांगला विषय काढलात. हे मेसेज थांबवायचे कसे ते मलाही हवंय. आमच्या फोनवर दिवसाला वीस येतात, लोन घ्या, रमी खेळा, लाईट बिल भरा. 1909 ला कळवून झालं, थोडे कमी झाले पण अ‍ॅपवाले काही थांबत नाहीत. परवा नातवाने एका अ‍ॅपचं नोटिफिकेशन दाबून धरलं आणि सगळंच बंद करून टाकलं, तर आता गॅस सिलिंडर कधी येणार ते पण कळत नाही. उपाय सांगा.

तिरकस
आबा, हे लोक मेसेज पाठवायचे कसे ते शिकतायत, तुम्ही भलत्या घरात शिरलात :)

खटपट्या
तिरकस, आबांना हसू नका, त्यांनी फार कामाची गोष्ट सांगितली.

आबा, 1909 फोन आणि एसएमएससाठी आहे, अ‍ॅपच्या नोटिफिकेशनला ते लागू नाही. नातवाला सांगा, सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन उघडलं की आत वेगवेगळे प्रकार दिसतात, त्यातलं सिलिंडरचं तेवढं चालू करा आणि ऑफरचं बंद ठेवा. पण आत एकच प्रकार दिसला तर तुमच्या हातात काही नाही, अ‍ॅप बनवणाऱ्याने आळस केलाय.

आता पंचगंगाकाठ, हा आळस तुम्ही करू नका. अँड्रॉइड 8 पासून ही चॅनेलची सोय आहे. तुमचे शिकवणारे मेसेज एका चॅनेलवर आणि बिल, पैसे आले वगैरे दुसऱ्या चॅनेलवर. वैतागून कुणी पहिलं बंद केलं तर दुसरं चालू राहतं. आणि पहिलं बंद केलं ह्याचा अर्थ त्याने स्पष्ट नको म्हटलं, त्या क्षणी सगळा क्रम संपला. पुश बंद केलं म्हणून तेच आता एसएमएसवर पाठवू, हे करायचं नाही. दार लावल्यावर खिडकीतून हाक मारण्यासारखं आहे ते.

हिंजवडीकर
हे सगळं ऐकायला छान आहे पण असं सगळं थांबवत बसलात तर पोचणार कुणापर्यंत? आम्ही रोज पाठवतो आणि लोक परत येतात, डॅशबोर्डवर दिसतं.

खटपट्या
येतात ना, पण मेसेजमुळे येतात की तसेही आले असते ते डॅशबोर्ड सांगत नाही. ते नंतर बोलू, आधी तुमच्या वॉट्सअ‍ॅपचं. लोक वॉट्सअ‍ॅप बघतात हे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण "क्यूआर कसा लावायचा" हे युटिलिटीत बसत नाही. युटिलिटी म्हंजे त्याने केलेल्या व्यवहाराबद्दल किंवा त्याने मागितलेलं काहीतरी, बिल तयार झालं, पैसे जमा झाले. शिकवणी आणि अ‍ॅप वापरायची आठवण हे मेटा मार्केटिंगमध्येच धरतं आणि तुम्ही युटिलिटी म्हणून भरलं तरी ते स्वतःहून कॅटेगरी बदलतात. 1 जुलै 2025 पासून पोचलेल्या प्रत्येक टेम्प्लेटमागे पैसे लागतात, त्यात मार्केटिंग महाग. वर एका माणसाला किती मार्केटिंग मेसेज पोचू द्यायचे यावर त्यांचीच मर्यादा आहे, तुमचा पाचवा मेसेज कदाचित जाणारच नाही आणि तुम्ही म्हणत बसाल की गवळ्याने बघितला नाही. आणि लोकांनी ब्लॉक केलं की नंबरची क्वालिटी पडते, मग बिलाचे मेसेज पण अडकू शकतात, ज्यावर अख्खं अ‍ॅप उभं आहे.

हिंजवडीकर
मर्यादेचं मान्य, आम्हाला 131049 एरर येतो तो हाच. पण म्हणून वॉट्सअ‍ॅप सोडायचं हे पटत नाही. गवळी काही अ‍ॅपमध्ये राहत नाही, तो वॉट्सअ‍ॅपमध्ये राहतो.

खटपट्या
सोडू नका, उलटं वापरा. त्याला तुमच्याकडे लिहू द्या. त्याने आधी लिहिलं की चोवीस तास तुम्ही साध्या भाषेत उत्तरं देऊ शकता, टेम्प्लेट नको आणि पैसेही नाहीत. कसं ते खालच्या उदाहरणात येईल.

समजा मंगळवारी रात्री सव्वाआठला एकाने अ‍ॅप टाकलं, तीन गिऱ्हाईकं भरली, बंद केलं. त्या रात्री काहीही पाठवायचं नाही. स्वागत वगैरे तो अ‍ॅपमध्ये असतानाच दाखवून झालंय, बाहेर पडून दहा मिनिटं झाली नाहीत आणि "स्वागत आहे" कशाला.

बुधवारी रात्री साडेआठला पहिला मेसेज. पाठवायच्या क्षणी बघायचं की आत्ता किती गिऱ्हाईकं आहेत. अजून तीनच असतील तर मेसेज: तीन गिऱ्हाईकं झाली, उरलेली कार्डावर बघून एकदाच भरून घ्या. दाबल्यावर थेट गिऱ्हाईक भरायची स्क्रीन उघडली पाहिजे, होमपेज नाही.

त्याने बघितलं नाही. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी साडेआठला परत बघायचं. मधल्या वेळात त्याने वीस भरली असतील तर मेसेज बदलला, आज कुणाचा खाडा आहे का, इथं टाका. अजून तीनच असतील तर तेच तेच परत सांगायचं नाही, अडचण काय आहे ती उचलायची: भरायला वेळ नाही का, कार्डांचे फोटो पाठवा, आम्ही भरून देतो. हे दाबलं की वॉट्सअ‍ॅप उघडतं, तो फोटो पाठवतो, म्हंजे त्याने आधी लिहिलं, आता चोवीस तास तुमचे. आणि तुमच्याशी त्याचं असं बोलणं चालू असेपर्यंत बाकी सगळे मेसेज थांबलेले. माणूस तुम्हाला अडचण सांगतोय आणि वरून मशीन त्याला टिप देतंय असं व्हायला नको.

शुक्रवारचा पण बघितला नाही तर? सलग दोन मेसेज पोचूनही त्याने अ‍ॅप उघडलं नाही, तर सोमवारचा तिसरा पाठवायचाच नाही. संपलं. मधे एकदा जरी उघडलं असेल तर सोमवारी तिसरा आणि शेवटचा. म्हंजे दिवस पहिला, तिसरा, सहावा. आठवड्यात जास्तीत जास्त तीन, आणि अंतर वाढत जाणारं, कारण ज्याला यायचंय तो लवकर येतो आणि ज्याला नाही त्याला पाठीमागे लागून आणता येत नाही.

पंचगंगाकाठ
हे एकदम क्लिअर झालं. एक शंका, पाठवायच्या क्षणी बघायचं म्हणजे काय, आत्ता आम्ही नोंदणी झाली की सात मेसेज रांगेत टाकून ठेवतो वेळ लावून.

खटपट्या
तिथंच सगळी गडबड होते. रांगेत मेसेज टाकायचा नाही, "ह्या माणसाला तपासायचंय" एवढंच टाकायचं. वेळ झाली की ताजी माहिती वाचायची आणि मग ठरवायचं पाठवायचा की नाही आणि कुठला. म्हंजे त्याने आठ पंचवीसला गिऱ्हाईकं भरली तरी साडेआठला चुकीचा मेसेज जात नाही.

दुसरं, तुम्ही पाठवला आणि फोन बंद आहे, नेट नाही, तर फायरबेस तो मेसेज सांभाळून ठेवतं, काही सांगितलं नाही तर चार आठवडे! मग जत्रेहून परत येऊन फोन चालू केला की तीनही मेसेज एकदम टणाटण. त्यासाठी हे घाला:

```json
"android": {
  "ttl": "10800s",
  "collapse_key": "first_week"
}
```

पहिल्या ओळीने तीन तासांत पोचला तर पोचला नाहीतर मेला, दुसऱ्याने अडकलेल्यांपैकी शेवटचा तेवढाच जातो. तीन तास पण रात्री साडेआठच्या मेसेजला जास्तच आहेत, साडेअकराला वाजेल आणि चारला उठणारा माणूस आहे तो. रात्रीच्यांना एक तास करा. आणि पाठवताना `UNREGISTERED` परत आलं तर अ‍ॅप काढलंय, टोकन पुसा आणि क्रम बंद.

तिरकस
पोचला आणि पोचला नाही ह्यात फरक कसा करणार? फायरबेसने घेतला म्हंजे फोनवर दिसला असं नाही. आमच्या घरी ज्या कंपनीचे फोन आहेत ते बॅटरी वाचवायच्या नावाखाली काहीही दाबून टाकतात. मग तुमचा तो "सलग दोन बघितले नाहीत" नियम ज्याला दोन्ही दिसलेच नाहीत त्याला पण लागणार.

खटपट्या
बरोबर पकडलंत. अ‍ॅपने मेसेज हातात आल्यावर सर्व्हरला कळवायचं, तेवढे कळवलेलेच मोजायचे. न कळवलेला मेसेज आला नाही असं धरायचं, पण म्हणून त्याच्या जागी जादाचा पाठवायचा नाही, तीनची मर्यादा पाठवलेल्यांवरच ठेवायची. फोन सेटिंगमधून अ‍ॅप फोर्स स्टॉप केलं असेल तर परत उघडेपर्यंत काहीच येत नाही, त्यावर आपल्याकडे इलाज नाही.

तिरकस
बरं, आणि हे सगळं करून फायदा होतो हे कशावरून? मला तरी वाटतं ज्याला गरज आहे तो तुमच्या मेसेजशिवाय पण वापरेल.

खटपट्या
म्हणूनच पाचातल्या एकाला काहीच पाठवायचं नाही. युजर आयडीला पाचाने भागून बाकी शून्य आली की त्याला मेसेज नाहीत, कायमचा त्याच गटात, मधे बदलायचा नाही. आणि मेसेज किती उघडले हे तुलनेत धरायचं नाही, कारण ज्यांना पाठवलेच नाहीत ते उघडणार काय. बघायचं हे की दोन्ही गटात पहिल्या महिन्याचं बिल किती जणांनी काढलं. सोबत नोटिफिकेशन किती जणांनी बंद केली आणि अ‍ॅप किती जणांनी काढलं. मेसेजवाल्या गटात बिलं तेवढीच आणि अ‍ॅप काढणारे जास्त, असं दिसलं तर सरळ बंद करा सगळं.

हिंजवडीकर
छोट्या अ‍ॅपला हे नाही परवडत हो. रोज पंधरा-वीस लोक येतात, त्यातले तीन-चार बाजूला काढले तर आकडा काही सांगण्याइतका व्हायला सहा महिने जातील.

खटपट्या
हे मात्र खरंय. लहान फरक दिसायला वेळ लागेल. मी तरीही काढीन, कारण मोठं नुकसान होत असेल तर ते लवकर दिसतं. पण तुम्ही नाही काढलं तर मी भांडणार नाही.

गोठ्यातली_पोर
एक विचारू? अ‍ॅप महिन्याच्या कितव्या तारखेला टाकलं ते कुणी बघतच नाहीये. आमच्याकडे 28-29 तारखेला नुसता गोंधळ असतो, सगळ्यांची बिलं करायची असतात. त्या वेळी कुणी अ‍ॅप टाकलं तर त्याला बिल हवंय, आजच. त्याला "उरलेली गिऱ्हाईकं भरा" सांगितलं तर तो म्हणणार महिनाभराचे खाडे कोण भरणार, कॅलेंडरच बरं. आणि 3-4 तारखेला टाकणाऱ्याला बिलाचं काहीच पडलेलं नसतं.

पंचगंगाकाठ
अरे हो! आमच्याकडे गिऱ्हाईकाला "आत्तापर्यंतची बाकी" टाकायची सोय आहे पण ती तीन स्क्रीन आत लपलीये. म्हणजे 25 नंतर येणाऱ्याला पहिला मेसेज वेगळा: ह्या महिन्याचा हिशोब कॅलेंडरवरच करा, आलेली बाकी तेवढी इथं टाका, 1 तारखेपासून अ‍ॅपवर. चालेल?

गोठ्यातली_पोर
पळेल. खाडे परत भरायचे नाहीत एवढं ऐकलं की माणूस अर्धा तयार होतो.

आबा_सातारकर
नातवाने सिलिंडरचं चालू करून दिलं. आत चार प्रकार होते. आभारी आहे. दूधवाल्याला तुमचं अ‍ॅप सांगतो, तो दर महिन्याला दोन खाडे कमी धरतो.

पंचगंगाकाठ
:) सांगा आबा नक्की.

खटपट्या, एक गोष्ट मात्र अजून डोक्यात बसत नाहीये. आपलं अ‍ॅप दूध आपोआप धरतं. समजा एकाने पहिल्या रात्री सगळी साठ गिऱ्हाईकं भरली आणि नंतर आठवडाभर उघडलंच नाही. हा गेला, का खाडेच नव्हते म्हणून निवांत आहे? आपण ठरवलेल्या नियमाने तो मार्गी लागला नाही, "फेरी झाली" दाबलंच नाही त्याने.

खटपट्या
हा अवघड प्रश्न आहे. साठ गिऱ्हाईकात आठवडाभर एकही खाडा नाही हे मला तरी अशक्य वाटतं, कुणीतरी गावाला जातंच. त्यामुळे गिऱ्हाईकं पाच असतील तर गप्प बसणं साहजिक, साठ असतील तर त्याने कॅलेंडर सोडलं नाहीये असा माझा अंदाज. म्हंजे गप्प राहण्याचा अर्थ गिऱ्हाईकांच्या संख्येवर लावायला लागेल.

गोठ्यातली_पोर
नाही पटलं. आमच्याकडे बाबा खाडे डोक्यात ठेवतात आणि रविवारी एकदम सांगतात. आठवडाभर मी उघडतच नाही आणि आम्ही पक्के वापरणारे आहोत. मला बुधवारी "खाडा टाका" असा मेसेज आला तर मी म्हणेन, टाकते बाई रविवारी, तुझं काय जातंय.

हिंजवडीकर
मग बटण सक्तीचं करा, रोज दाबलं तरच दूध धरायचं. प्रश्नच मिटला, डेटा पण स्वच्छ.

पंचगंगाकाठ
ते नाही करणार, आपोआप धरतं म्हणूनच तर लोक घेतात. आपल्याला आकडा हवा म्हणून त्यांना रोज कामाला लावायचं हे बरोबर नाही.

खटपट्या
सक्ती नकोच. मग असं करून बघा, वीसच्या वर गिऱ्हाईकं भरलेल्याला आठवड्यातला खाड्याचा मेसेज फक्त रविवारी रात्री, एकच. त्याने तो बघून काही नाही केलं तरी त्याला गेला म्हणू नका, खरी परीक्षा बिलाच्या दिवशी. पण तोवर त्याला कुठल्या रकान्यात मोजायचं ते मलाही सांगता येत नाही.

तिरकस
बिलाच्या दिवसापर्यंत कशाला अडवून ठेवता, पहिल्या दिवशीच विचारा की त्याला, खाडे रोज टाकणार की आठवड्याने. एक प्रश्न, दोन बटणं. लोकांना विचारायची सवयच गेली तुमची.

पंचगंगाकाठ
तिरकस, हे भारी आहे. शेवटचं गिऱ्हाईक भरून झालं की विचारता येईल, आणि त्यावरूनच वार ठरेल. परवानगीचा डबा पण तिथंच काढतो, "आठवण कधी करू" विचारून.

आता मजकूर. रविवारचा असा लिहिलाय: "प्रिय वापरकर्ता, आपण या आठवड्यातील खाडे अद्याप नोंदविलेले नाहीत. कृपया त्वरित नोंदवा."

गोठ्यातली_पोर
हे सोसायटीतून नोटीस आल्यासारखं वाटतंय, बाबा घाबरतील, त्यांना वाटेल काहीतरी दंड आहे. आणि "नोंदविलेले नाहीत" काय, खाडे नसतीलच तर? असं लिहा: "ह्या आठवड्यात कुणाचा खाडा होता का? असेल तर इथं टाका. नसेल तर काही करू नका, हिशोब चालू आहे."

खटपट्या
शेवटचं वाक्य बिलकुल काढू नका. आणि खाली दुसरं बटण द्या, "खाडा नाही". ते दाबलं की अ‍ॅप न उघडता तुम्हाला कळलं तो आहे म्हणून.

पंचगंगाकाठ
टाकतो. पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून नवीन येणाऱ्यांना हेच लावतोय, पाचातला एक बाजूला ठेवून. मित्र त्या पाचव्यावरून भांडतोय अजून, बघू.